बोनसच्या दिवशी शेअर अर्ध्यावर, पोर्टफोलिओ लाल. नक्की काय गेलं माझं?

चाफेकळी
मंडळी, जरा घाबरत घाबरतच धागा काढतेय. एका कंपनीचे १२० शेअर आहेत माझ्याकडे, दोन वर्षांपूर्वी १,४५० च्या सरासरीने घेतलेले. काल भाव १,८४६ ला बंद झाला होता. आज सकाळी ॲप उघडलं तर ९३१! आणि खाली लाल अक्षरात तोटा ६२,२८०. काल ह्याच शेअरवर ४७ हजारांचा फायदा दिसत होता.
कंपनीने १:१ बोनस जाहीर केलाय आणि आज त्याची रेकॉर्ड डेट होती एवढं कळलं. पण बोनस म्हणजे काहीतरी जास्तीचं मिळतं ना? इथे तर अर्धे पैसे गेलेले दिसतायत आणि शेअर अजून १२०च आहेत. ब्रोकरला मेल टाकलाय, उत्तर नाही. हा भाव कोण पाडतं आणि माझे पैसे नक्की कुठे आहेत, कोणी सांगेल का?

बाजारबुणगे
पैसे सुखरूप आहेत, वाटेत आहेत. चहा घ्या.

राजाभाऊ
ताई, काही गेलेलं नाही. पाचशेची नोट मोडून अडीचशे-अडीचशेचे दोन भाग केले तसं समजा. त्यातला एक भाग आज तुमच्या खात्यात दिसतोय, दुसरा यायचाय. दोन-तीन दिवस ॲप बघूच नका.

शंकेखोर
अडीचशेची नोट कुठे मिळते हो राजाभाऊ? :))

राजाभाऊ
तुम्ही आधी पाचशेची दाखवा, मग बघू.

तळटीप
चाफेकळी, बोनससाठी तुम्ही पात्र ठरलात, कारण रेकॉर्ड डेटला शेअर तुमच्या खात्यात होते. पण बोनसचे शेअर त्याच दिवशी जमा होत नाहीत. आधी तर दोन-दोन आठवडे लागायचे आणि तेवढे दिवस लोक तुमच्यासारखेच लाल आकडा बघत बसायचे. सेबीने ऑक्टोबर २०२४ पासून जाहीर होणाऱ्या बोनससाठी नियम केला की रेकॉर्ड डेटनंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी ते शेअर विकता आले पाहिजेत. म्हणजे आज जी गंमत चाललीय ती परवा संपेल.
तुमच्या ॲपला आज फक्त दोन गोष्टी माहीत आहेत, १२० शेअर आणि ९३१ भाव. गुणाकार १,११,७२०. खरेदी १,७४,०००. वजाबाकी केली, लाल रंगात छापली. वाटेतले १२० त्याच्या गावीही नाहीत. ते आले की २४० गुणिले ९३१ म्हणजे २,२३,४४०. काल तुमचे १२० गुणिले १,८४६ म्हणजे २,२१,५२० होते. मधे जो दोनेक हजारांचा फरक दिसतोय तो आज बाजार थोडा वर उघडला म्हणून, बोनसचा त्याच्याशी संबंध नाही.

चाफेकळी
हुश्श! पण मग १,८४६ चे ९३१ केले कोणी? रात्री बाजार बंद होता, कोणी विकले पण नाहीत.

ट्रेडरअण्णा
एक्स्चेंज करतं. बोनसच्या दिवशी एक्स्चेंज स्वतः भाव निम्मा करतं, सिस्टीममधेच असतं ते. माणसं काही करत नाहीत.

तळटीप
अण्णा, अर्धं बरोबर. एक्स्चेंज कालचा बंद भाव बदलून घेतं, म्हणजे आजच्या तुलनेसाठी १,८४६ च्या जागी ९२३ धरतं. ते केलं नाही तर सकाळी पहिलाच सौदा कालच्यापेक्षा पन्नास टक्के खाली दिसेल आणि सर्किट लागून व्यवहारच थांबतील. पण आजचा भाव किती हे एक्स्चेंज ठरवत नाही. नऊ वाजता प्री-ओपनमधे लोक ऑर्डर टाकतात, त्यातून भाव निघतो. आज तो ९३१ निघाला, ९०५ पण निघू शकला असता.
आणि लोक १,८४६ का देत नाहीत ते उघड आहे. काल जो शेअर घेत होता त्याला त्याच्यासोबत अजून एक येणार होता. आज जो घेतोय त्याला एकटाच मिळणार. एकट्याचे दोघांएवढे पैसे कोण देईल?

निळावंती
हे शेवटचं वाक्य आवडलं. मला इतके दिवस वाटायचं की हे बाजाराच्या भावनेवर वगैरे असतं.

आजोबा_६२
आमच्या वेळी बोनस म्हटलं की घरात आनंदीआनंद. ३०-३५ वर्षं शेअर सांभाळतोय, लोक उगाच म्हणतात बोनसने काही मिळत नाही. माझं लाभांशाचं उत्पन्न दर बोनसनंतर वाढलंय, पासबुकं दाखवतो पाहिजे तर.

शंकेखोर
आजोबा, कंपनी वाढली म्हणून लाभांश वाढला, बोनसमुळे नाही. एकाचे दोन कागद केल्याने नफा वाढत नाही. १० कोटी शेअर आणि ३०० कोटी नफा असेल तर शेअरमागे ३० रुपये. शेअर २० कोटी झाले की १५. तुमचा हिस्सा आधी १० कोटीतले १२०, नंतर २० कोटीतले २४०. तोच.

तळटीप
शंकेखोर, हिशोब बरोबर, पण आजोबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. आपल्याकडे लाभांश दर्शनी किमतीच्या, म्हणजे शेअरवर छापलेल्या किमतीच्या, टक्क्यात जाहीर करायची पद्धत होती, त्यात एक खाच होती.
समजा दर्शनी किंमत १० आहे आणि कंपनी दरवर्षी २०० टक्के देते. म्हणजे शेअरमागे २० रुपये, १२० शेअरवर २,४००. आता १:१ बोनस झाला. दर्शनी किंमत १० च राहते, शेअर २४० होतात. कंपनीने २०० टक्के कायम ठेवले तर ४,८०० मिळतील, डबल. हेच बोनसऐवजी दहाचे पाच-पाच असं स्प्लिट केलं असतं तर २०० टक्के म्हणजे शेअरमागे १०, आणि २४० वर पुन्हा २,४००.
म्हणजे बोनसनंतर टक्का टिकवायचा तर कंपनीला खिशातून दुप्पट रोख काढावी लागते. ज्या संचालकांना पुढच्या नफ्याची खात्री असते ते टिकवतात किंवा फारसा कमी करत नाहीत. आजोबांच्या कंपन्या बहुतेक तसल्या असणार. बोनसने पैसे दिले नाहीत, पण येणाऱ्या पैशांची वर्दी दिली असं म्हणता येईल.

आजोबा_६२
हेच म्हणत होतो मी. तरुण मंडळी ऐकत नाहीत.

शंकेखोर
ज्या कंपन्यांनी बोनसनंतर टक्का निम्मा केला त्यांची पासबुकं पण दाखवा आजोबा :)

आजोबा_६२
त्या विकून टाकल्या.

मुंगेरीलाल
मला एक सांगा, मी ह्याच कंपनीचे ५० शेअर आज सकाळी घेतले. रेकॉर्ड डेट आजच आहे म्हणून. म्हणजे मला परवा १०० दिसणार ना?

बाजारबुणगे
अरे देवा.

तळटीप
नाही दिसणार. आज घेतलेले शेअर तुमच्या खात्यात उद्या येतील, आणि यादी आज संध्याकाळच्या स्थितीवर बनते. बोनस हवा असता तर कालपर्यंत घ्यायला हवे होते. पण गळा काढू नका, तुमचं काहीही बुडालेलं नाही. तुम्ही ९३१ च्या आसपास दिलेत ना? काल घेतले असते तर १,८४६ दिले असते.

मुंगेरीलाल
हो पण मला अर्ध्या किमतीत पण हवे होते आणि डबल पण हवे होते.

निळावंती
सगळ्यांनाच.

राजाभाऊ
मुद्द्याला हात घातला मुंगेरीलालने. रेकॉर्ड डेटच्या आदल्या आठवड्यात जी खरेदी होते ती नव्वद टक्के ह्याच स्वप्नावर. त्यात वर १:१, १:२, १:१० चा गोंधळ. आमच्या ऑफिसात एकाने 'बोनस १:२' वाचलं आणि एकावर दोन मिळणार म्हणून नाचत होता. मिळाला दोनावर एक.

सातासमुद्रापार
गोंधळात माझीही भर घालतो. इकडे अमेरिकेत बोनस हा शब्दच कोणी वापरत नाही, सगळं स्प्लिट. एनव्हिडियाचं जून २०२४ मधे १०:१ झालं, म्हणजे एकाचे दहा. ॲपलचं ऑगस्ट २०२०चं ४:१, एकाचे चार. तुमच्या १:१ बोनसला इकडे २:१ म्हणतील. वडिलांशी फोनवर बोलताना दर वेळी आधी 'एकाचे किती होणार' एवढंच विचारतो, बाकी गुणोत्तर गेलं उडत.
अजून एक गंमत. डाऊ जोन्स निर्देशांक शेअरच्या भावावर चालतो, कंपनीच्या आकारावर नाही. त्यामुळे ॲपलने स्प्लिट केलं तेव्हा कंपनी तेवढीच राहून डाऊमधलं तिचं वजन चौथाईवर आलं. निफ्टीमधे असं होत नाही, तिथे बाजारमूल्य धरतात.

ट्रेडरअण्णा
मग बोनस आणि स्प्लिट एकच झालं की. एकात कंपनी दानधर्म केल्याचं नाटक करते, एकात सरळ तुकडे.

तळटीप
भागधारकाच्या हिश्शाच्या दृष्टीने एकच. हिशोबाच्या वहीत वेगळं. शंकेखोरांचीच १० कोटी शेअरची कंपनी घ्या, दर्शनी किंमत १०. भांडवल १०० कोटी, राखीव निधी समजा १,४०० कोटी. १:१ बोनस दिला की १०० कोटी राखीव निधीतून उचलून भांडवलात टाकतात. आता भांडवल २००, राखीव १,३००. बेरीज १,५०० च. बँकेतून एक पैसा हललेला नाही, नुसती नोंद. स्प्लिटमधे ही नोंदही नाही, भांडवल १०० च राहतं, फक्त दहाचे दोन पाच होतात.
एक फरक मात्र पडतो. भांडवलात गेलेले ते १०० कोटी पुन्हा लाभांश म्हणून वाटता येत नाहीत, ते तिथे अडकले. आणि बोनस द्यायला साठलेला खरा निधी लागतो. जमीन-इमारतीची किंमत कागदावर वाढवून तयार केलेल्या राखीवातून बोनस देता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. तेव्हा अण्णा, निव्वळ नाटक नाही, पण दानधर्मही नाही. तुमचेच पैसे तुमच्याच नावावर दुसऱ्या रकान्यात.

पुणेरी_पगडी
माझ्या म्युच्युअल फंडाची एनएव्ही पण मागे एकदम पडली होती, तेव्हा पण बोनस दिला असेल का? मेसेज काही आला नव्हता.

शंकेखोर
बहुतेक तुमचा लाभांशवाला पर्याय असेल, पैसे बँकेत आले असतील. स्टेटमेंट बघा. वेगळा धागा काढा प्लीज, इथे आधीच खिचडी झालीय.

जखमी_वाघ
खिचडीत माझं पण मीठ. मी गेल्या वर्षी असाच पोळलो. माझा एक शेअर होता, त्यावर १,५०० ला विकायचा ट्रिगर लावून ठेवला होता, भाव १,८०० च्या वर होता. बोनसच्या दिवशी भाव ९०० ला उघडला आणि ट्रिगरने इमानेइतबारे सगळे शेअर ९०० ला विकून टाकले. ब्रोकर म्हणाला 'सर, अशा दिवशी तुम्हीच ट्रिगर काढायचा असतो, अटींमधे लिहिलंय.' निम्म्या किमतीत विकले गेले. सहा महिने झोप नाही.

तळटीप
वाघ, काही ब्रोकर अशा दिवशी पडून असलेले ट्रिगर स्वतःच रद्द करतात, तुमच्या ब्रोकरने केलं नाही. पण एक विचारतो, बोनसचे शेअर नंतर आले की नाही?

जखमी_वाघ
आले ना. जेवढे होते तेवढेच आले. पण मूळ तर गेले.

तळटीप
मग निम्म्या किमतीत काही गेलं नाही हो. त्या दिवशी विकले तरी यादीत तुमचं नाव होतं, म्हणून बोनस तुम्हालाच आला. समजा १०० होते. आदल्या दिवशी १,८०,०००. ट्रिगरने ९०,००० रोख हातात दिले आणि मागून ९०,००० चे १०० शेअर आले. तुमची इच्छा नसताना निम्मी गुंतवणूक मोडली गेली, ही तक्रार रास्त आहे. पण पैसे बुडाले नाहीत.

जखमी_वाघ
सहा महिने मी उगाच जागा होतो म्हणायचं.

बाजारबुणगे
आयडी बदला आता. खरचटलेला_वाघ.

निळावंती
मेले :D

सीए_माई
उशिरा आले, सगळं वाचलं. 'संपत्ती तेवढीच राहते' इथपर्यंत मंडळींनी छान समजावलंय, पण कोणीच कराचं बोललं नाही आणि तिथे बोनस आणि स्प्लिट अजिबात एक नाहीत. चाफेकळीचेच आकडे घेते.
स्प्लिट असतं तर १,४५० चे दोन भाग, प्रत्येक शेअरची खरेदी किंमत ७२५ आणि खरेदीची तारीख दोन वर्षांपूर्वीचीच. सगळे २४० शेअर ९३१ ला विकले तर ४९,४४० दीर्घकालीन नफा. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या अशा नफ्यावर कर नाही. दुसरा नफा नसेल तर कर शून्य.
बोनसमधे कायदा वेगळं बघतो. मूळ १२० ची किंमत १,४५० च राहते. बोनसच्या १२० ची खरेदी किंमत शून्य, आणि तारीख ते ज्या दिवशी मिळाले ती. आता समजा हिने सहा महिन्यांनी ह्याच भावाला सगळे विकले. मूळ शेअरवर प्रत्येकी ५१९ चा तोटा, म्हणजे ६२,२८० दीर्घकालीन तोटा. बोनसवर पूर्ण १,११,७२० अल्पकालीन नफा. दोन्हींची बेरीज तीच ४९,४४०. पण दीर्घकालीन तोटा अल्पकालीन नफ्यातून वजा करता येत नाही! म्हणजे १,११,७२० वर २० टक्के, २२,३४४ रुपये, वर सेस. खरा फायदा ४९ हजार आणि त्यातले २२ हजारांच्या वर करात. ६२ हजारांचा तोटा वाया जात नाही, आठ वर्षं पुढे नेता येतो, पण कधीतरी दीर्घकालीन नफा झाला तरच तो कामाला येणार.

चाफेकळी
बापरे माई! आणि ॲप तर बोनस आल्यावर सरासरी ७२५ दाखवेल असं म्हणतात सगळे?

सीए_माई
दाखवेल, खूप ॲप्स तसंच दाखवतात, दिसायला नीटस म्हणून. रिटर्न भरताना ७२५ वापरायचं नाही. ब्रोकरचा कराचा रिपोर्ट वेगळा असतो तो बघायचा, आणि त्यातही बोनसची किंमत शून्य आणि तारीख बरोबर धरलीय का ते तपासायचं. माझ्याकडे दर जुलैमधे दोन-चार जण ७२५ छाप हिशोब घेऊन येतात.

ट्रेडरअण्णा
पण माई, बोनस स्ट्रिपिंगच्या नियमाने मूळ शेअरचा तो तोटा धरतच नाहीत ना? मी तर ऐकलंय की बोनसनंतर मूळ शेअरवर तोटा दाखवताच येत नाही.

सीए_माई
सरसकट नाही. रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेले असतील आणि नंतरच्या नऊ महिन्यांत, बोनसचे हातात ठेवून, मूळ विकले तर तो तोटा धरत नाहीत, तो बोनसच्या खरेदी किमतीत मिळवतात. आधी हे फक्त म्युच्युअल फंडाच्या युनिट्सना होतं, २०२२ च्या अर्थसंकल्पात शेअर्सनाही लागू केलं, कारण लोक मुद्दाम बोनसच्या तोंडावर घेऊन तोटा पाडायचे. चाफेकळीचे दोन वर्षांचे आहेत, तिला हा नियम लागत नाही.

राजाभाऊ
मग सरळ उपाय, फक्त मूळचे १२० ठेवायचे आणि बोनसचे विकायचे. किंवा उलटं. जे सोयीचं ते.

सीए_माई
राजाभाऊ, निवड तुमच्या हातात नाही. एकाच डिमॅट खात्यात जे आधी आले ते आधी विकले असं धरतात. म्हणजे पहिले १२० विकले की मूळचेच गेले. घाई नसेल तर सगळ्यात साधं म्हणजे बोनसच्या शेअरना त्यांच्या तारखेपासून वर्ष उलटू द्यायचं. मग दोन्हीकडे दीर्घकालीन, तोटा नफ्यातून वजा होतो आणि पुन्हा ४९,४४० वर येतो हिशोब, स्प्लिटसारखाच.

शंकेखोर
पण कराच्या सोयीसाठी पडता शेअर वर्षभर धरून बसायचं हे मला पटत नाही. भाव ९३१ चा ७०० झाला तर २२ हजार वाचवायला २४० गुणिले २३१, पंचावन्न हजार घालवले.

सीए_माई
ते खरंच. कंपनी विकावीशी वाटत असेल तर विकावी, कराची शेपटी धरून बसू नये. मी फक्त आकडा समोर ठेवला.

आजोबा_६२
वर्ष काय, मी तीस वर्षं ठेवतो.

वारसदार
आजोबांवरून आठवलं. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत एका कंपनीचं ५० शेअरचं कागदी सर्टिफिकेट सापडलंय, दर्शनी किंमत १०. कंपनी अजून आहे, पण आता दर्शनी किंमत २ दिसते. मधे एकदा १:१ बोनस पण झालाय. मग माझे ५० की किती?

तळटीप
दहाचे दोन म्हणजे एकाचे पाच, २५०. त्यावर १:१ म्हणजे ५००. आधी बोनस मग स्प्लिट असलं तरी ५०० च. पण लाभांश सलग सात वर्षं कोणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ ह्या निधीकडे गेले असतील, आणि नंतरचे बोनससुद्धा तिकडेच जमा होतात. तिकडून परत मागता येतात. आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला फोलिओ नंबर लिहून पत्र टाका.

वारसदार
५०० ऐकून बरं वाटलं. फोलिओ नंबरावर नेमका गंज लागलाय.

निळावंती
मला मूळ प्रश्नाची दुसरी बाजू विचारायचीय. संपत्ती तेवढीच राहणार हे सगळ्यांना माहीत असेल तर बोनस जाहीर झाल्यावर शेअर वर का जातो? चाफेकळीचाच १,४५० चा १,८४६ झालाय.

राजाभाऊ
मुंगेरीलाल जाऊन घेतो म्हणून.

मुंगेरीलाल
मी आजच घेतला, तो आधीच चढला होता.

तळटीप
ह्यावर १९६९ मधे फामा, फिशर, जेन्सन आणि रोल ह्या चौघांचा गाजलेला अभ्यास आहे, न्यूयॉर्क बाजारातली १९२७ ते १९५९ मधली स्प्लिट्स त्यांनी तपासली. सापडलं ते असं की भाव स्प्लिटच्या आधीच चढलेला असतो, कारण चांगलं चाललेल्या कंपन्याच स्प्लिट करतात. नंतर ज्या कंपन्यांनी लाभांश वाढवला त्या टिकल्या, ज्यांनी नाही वाढवला त्यांचा फुगा खाली आला. म्हणजे लोक स्प्लिटला नाही, त्यामागच्या वर्दीला पैसे देत होते.

शंकेखोर
माझा ह्याला अर्धाच होकार. मोठ्या कंपन्यांत वर्दी असेल. छोट्या कंपन्यांत मी पाहिलंय, नफा यथातथा, आणि एकाच दिवशी बोनसही आणि स्प्लिटही, मग भाव २०-२५ रुपयांवर, 'स्वस्त' म्हणून झुंबड, आणि पुढच्या दोन तिमाहीत प्रवर्तकांचा हिस्सा हळूच कमी. तिथे वर्दी कसली, जाळं आहे ते. प्रवर्तकांच्या हिश्शाचा तक्ता दर तिमाहीला येतो, तो कोणी उघडत नाही.

ट्रेडरअण्णा
स्वस्त वाटण्यातही फायदा आहेच की. सगळ्यांना परवडला तर उलाढाल वाढते. नेस्ले इंडियाने जानेवारी २०२४ मधे एकाचे दहा केले, त्याआधी एक शेअर घ्यायला पंचवीस हजारांच्या वर लागायचे.

सातासमुद्रापार
उलट उदाहरणं पण आहेत. बर्कशायरने ए वर्गाचा शेअर कधीच फोडला नाही, बी वर्गाचा मात्र जानेवारी २०१० मधे एकाचे पन्नास केला, तोही एक रेल्वे कंपनी विकत घेताना तिच्या छोट्या भागधारकांना देता यावा म्हणून. तुमच्याकडे एमआरएफ जून २०२३ मधे लाखाच्या वर गेला, त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

शंकेखोर
अण्णा, उलाढाल वाढते ती ब्रोकरच्या फायद्याची. ठेवून बसणाऱ्याला काय?

ट्रेडरअण्णा
विकायच्या दिवशी गिऱ्हाईक पटकन मिळतं ते काय कमी आहे?

बाजारबुणगे
दोघंही बरोबर, दोघंही थांबा.

चाफेकळी
अपडेट: बोनस आला! २४० दिसतायत, सरासरी ७२५, हिरवं झालं सगळं. ब्रोकरचं उत्तर पण आलं, 'तुमची तक्रार सोडवली आहे', जसं काही त्यांनीच केलं. :)
माई, मी ठरवलंय की अर्धे पुढच्या महिन्यात विकायचे, घराच्या कामाला पैसे हवेत. तुम्ही म्हणालात तसे मूळचेच १२० जातील, मग तो ६२ हजारांचा तोटा मी ह्याच वर्षी दुसऱ्या एका फंडाच्या दीर्घकालीन नफ्यातून वजा करू शकते का? इक्विटी फंड आहे, तीन वर्षं जुना. नफा साधारण दोन लाख.

सीए_माई
करू शकतेस, दोन्ही एकाच आर्थिक वर्षात विकलेस तर. दोन लाखातून ६२,२८० गेले की १,३७,७२० उरतात, त्यातले सव्वा लाख माफ, उरलेल्या १२,७२० वर साडेबारा टक्के. साधारण सोळाशे रुपये. पण लक्षात ठेव, बोनसच्या १२० ची किंमत शून्यच राहणार. ते विकशील तेव्हा येईल ती सगळी रक्कम नफा.

मुंगेरीलाल
म्हणजे बोनसमुळे हिचा कर वाचला??

सीए_माई
ह्या वर्षी वाचला, पुढे ढकलला गेला असं म्हण.

मुंगेरीलाल
पुढचा बोनस कोणती कंपनी देतेय, कोणाला माहितीय का?